आईची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी दुपारच्या बैठकीत केलेले भाषण)



मला भाषण करायची सवय नाही. सातवीपर्यंत शिकले, मग लग्न झाले, आणि पुढचे सगळे शिक्षण स्वयंपाकघरात झाले. पण परवा पापडाच्या दिवशी आईच्या वहीची गोष्ट सहज निघाली, आणि कार्यवाह बाईंनी तिथेच माझे नाव कागदावर मांडून टाकले. तेव्हा जे घडले तेच सांगते. मध्ये विसरले तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, रेल्वेत होते. इथे भुसावळात निम्म्या घरांची हीच कथा. २०२४ च्या नोव्हेंबरात ते गेले. आई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. तिने जन्मात पैसा हाताळला नाही असे मी म्हणणार नाही. अप्पा महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात देत त्यात तिने पाच माणसांचे घर चालवले, आणि डाळीच्या डब्यात चार पैसे मागेही टाकले. पण तो पैसा येतो कुठून, बँकेत किती राहतो, विजेचे बिल कोण, कधी, कुठे भरते, हे तिला ठाऊक नव्हते. अप्पांनी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही. बँकेच्या कागदावर ते जिथे बोट दाखवीत तिथे ती सही करी.

अप्पांचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि जानेवारीत एक दिवस भर दुपारी आईच्या घरची वीज बंद झाली. मला वाटले फ्यूज गेला. शेजारच्यांकडे तर दिवे होते. चौकशी केली तेव्हा कळले की दोन महिन्यांचे बिल थकले म्हणून जोडणी तोडली आहे. नोटीस आली नाही म्हणून मी तावातावाने बोलायला गेले. नोटीस आली होती. ती अप्पांच्या मोबाइलवर आली होती, आणि तो मोबाइल आईने त्यांच्या चष्म्याबरोबर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. कागदी बिले दारात पडली होती, ती तिने देवघराच्या खणात नीट घडी करून ठेवली होती. ‘यांचे कागद’ म्हणून. दोष कोणाला द्यावा?

ती रात्र आईने कंदिलावर काढली. दुसऱ्या दिवशी थकबाकी आणि जोडणीचा आकार भरल्यावर वीज आली, पण तिच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. ही भीती लक्षात ठेवा, कारण पुढे एका लबाडाने नेमके तिच्यावरच बोट ठेवले.

पुण्याहून दादा आला. तो म्हणाला, “आई, तू कशाला त्रास घेतेस? कार्ड आणि पासबुक माझ्याकडे दे. मी तिथून सगळे भरीन.” दादा मनाचा चांगला आहे, त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. आईनेही पासबुक काढून दिले असते. पण तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मला किती पेन्शन मिळते गं?” दादाला सांगता आले नाही, मलाही नाही. ज्या बाईला आपले उत्पन्न किती हेच माहीत नाही तिचे पासबुक दुसऱ्या गावी नेणे मला बरे वाटले नाही. मी म्हटले, “दादा, सहा महिने मला दे. जमले नाही तर ने.”

पहिले काम केले ते मोबाइल नंबर बदलण्याचे. अप्पांच्या नंबरावर वीज, गॅस, बँक, सगळेच जोडलेले होते. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याच माणसाला देऊन टाकते, आणि मग आपल्या बँकेचे निरोप परक्याच्या खिशात वाजू लागतात. म्हणून अप्पांचे कार्ड चालू होते तोवर आम्ही एकेका ठिकाणी जाऊन आईचा नंबर लावून घेतला. माझा नंबर लावावा असे बँकेतल्या बाई सुचवीत होत्या. आई म्हणाली, “पैसा माझा, तर वाजू दे माझ्याच हातात.”

दुसरे काम वहीचे. शंभर पानी, साधी. डाव्या पानावर ‘आले’, उजव्या पानावर ‘गेले’. तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, किती. एवढेच रकाने. मी हौसेने भाजी, दूध, औषध असे सात रकाने आखून दिले होते. दुसऱ्या आठवड्यात आईने ते पान फाडून त्यावर वड्या वाळत घातल्या. बरे केले तिने.

आता बँकेचे निरोप इंग्रजीत येतात, आणि आई मराठी चौथी. सगळे इंग्रजी शिकवण्यात अर्थ नव्हता. दोनच शब्द शिकवले. पैसे आले की निरोपात credited असते, गेले की debited असते. पहिल्याचे अक्षर C, चंद्रकोरीसारखे, तोंड उघडे. दुसऱ्याचे D, अर्ध्या भाकरीसारखे, तोंड बंद. आई म्हणाली, “तोंड उघडे म्हणजे घास आला.” पासबुकातही रकमेपुढे Cr आणि Dr छापतात, तिथेही हीच खूण चालते. दर रविवारी दुपारी ती चष्मा लावून बसते आणि मोबाइलमधले निरोप वहीशी ताडून पाहते. महिन्यातून एकदा बँकेत जाऊन पासबुक भरून आणते आणि तेही ताडते. मुख्य ताळा पासबुकाचा. निरोप कोणीही बनावट पाठवू शकतो, पासबुकात तसे घुसता येत नाही.

पेन्शनचा हिशेब कळायला मात्र आम्हां दोघींनाही वेळ लागला. पतीच्या मागे पत्नीला मिळते ते कुटुंबनिवृत्तिवेतन. साधारण नियमाने ते शेवटच्या मूळ पगाराच्या शेकडा तीस इतके असते. अप्पांचा पगार नव्या वेतनश्रेणीत ३७,००० धरला गेला, म्हणून आईचे मूळ वेतन ११,१००. त्यावर महागाईची वाढ मिळते, ती तेव्हा शेकडा ५५ होती, म्हणजे ६,१०५. दोन्ही मिळून १७,२०५. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. पेन्शन महिन्याच्या अखेरीस जमा होते, फक्त मार्चची एप्रिलच्या सुरुवातीस येते. हे आम्हांला माहीत नव्हते. पहिल्याच मार्चअखेरीस पैसे आले नाहीत तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून वहीत मार्चच्या पानावर तिने स्वतःच लिहून ठेवले आहे: ‘उशिरा येते. जेवावे.’

खरी परीक्षा २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस झाली. आई धापा टाकीत माझ्याकडे आली. खात्यात १८,५३७ जमा झाले होते. “अगं, कोणाचे तरी पैसे माझ्याकडे आले. परत करायला हवेत!” मी वही घेतली आणि दोघी मांडायला बसलो. सरकारने महागाईची वाढ ५५ वरून ५८ केली होती, आणि तीही मागच्या जुलैपासून. ११,१०० चे शेकडा ५८ म्हणजे ६,४३८. नवी पेन्शन १७,५३८. जुन्यापेक्षा ३३३ जास्त. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन महिन्यांचे राहिलेले ३३३ गुणिले तीन, ९९९. १७,५३८ आणि ९९९ मिळून बरोबर १८,५३७. एक रुपया इकडे तिकडे नाही. आईने तीन वेळा बेरीज केली आणि मग काय हसली म्हणता! पुढच्या महिन्यात १७,५३८ आले तेव्हा शेजारच्या बाई, त्याही रेल्वेच्याच, माझी पेन्शन कापली म्हणून रडत होत्या. आईने त्यांना अंगणात बसवून सगळा हिशेब समजावला. ते मी खिडकीतून पाहिले. चाळीस वर्षे बोट दाखवील तिथे सही करणारी बाई ती.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पुढे पेन्शन थांबते. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आम्ही तसाच दिला. पण दाखला फोनवरच्या बोलण्याने कधी होत नाही. कोणी फोन करून तुमचा दाखला राहिला आहे, पेन्शनचा क्रमांक आणि आलेला ओटीपी सांगा म्हणाले, तर फोन खाली ठेवावा. एवढे सांगून पुढे जाते.

मोबाइलवरून पैसे देणे आईला शिकवावे की नाही यावर घरात बरीच वादावादी झाली. दादा म्हणे, नकोच. पण औषधवाला, रिक्षावाला, भाजीवाली सगळ्यांपुढे ती काळी-पांढरी चौकट, सुटे कोणाकडे नाहीत. शेवटी मार्ग निघाला तो आईच्याच तोंडून. ती म्हणाली, “रांजणात कोणी हात घालीत नाही. तांब्याने काढून घेतात.” आम्ही तसेच केले. पेन्शनचे खाते हा रांजण. त्याला मोबाइलची सोय लावलीच नाही, त्याचे कार्डही घेतले नाही. त्याच शाखेत दुसरे साधे बचत खाते उघडले, तो तांब्या. दर महिन्याच्या तीन तारखेला रांजणातून तांब्यात ५,००० रुपये आपोआप जावेत असे बँकेला लिहून दिले. मोबाइल जोडला तो तांब्याला. घरखर्चाची रोकड आई चिठ्ठी भरून रांजणातून काढते, आणि उरते ते आजारपणासाठी तिथेच राहते. चूक झाली, फसगत झाली, तरी जाईल ते तांब्यातले. अगदी निर्धोक मात्र हेही नाही. दोन्ही खात्यांना नंबर एकच, म्हणून येणारा ओटीपी कोणाला सांगितला तर रांजणाचे झाकणही उघडू शकते. हे आईला मी दहा वेळा सांगितले.

देण्याचे पाठ दुपारी माझ्याच घरी दिले. मी भाजीवाली, ती गिऱ्हाईक, आणि रक्कम एक रुपया. चौकटीवर मोबाइल धरला की पडद्यावर नाव येते. ते मोठ्याने वाचायचे आणि समोरच्याने मान डोलावली तरच पुढे जायचे. दुकानाची पाटी एक आणि खाते बायकोच्या नावावर, असे पुष्कळदा असते, म्हणून विचारण्यात लाजायचे नाही. मग रक्कम, ती पुन्हा वाचायची, मग पिन. मी तिला ठासून सांगितले होते, की पिन फक्त देताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. कोणी ‘तुम्हांला पैसे पाठवतो, चौकट धरा आणि पिन दाबा’ म्हणाला की तो चोर. दुसऱ्या दिवशी तिचा फोन: “शिल्लक बघायलाही पिन मागतोय, चोर शिरला!” चूक माझीच. शिल्लक पाहतानाही पिन लागतो. तेव्हा पाठ सुधारला: पिन देताना आणि शिल्लक पाहताना. घेताना नाही. आणि कोणी फोनवर ‘आत्ताच शिल्लक पाहा’ म्हणून घाई करीत असेल तर ती पाहायचीही नाही.

पिन तिने स्वतः ठरवला. मला सांगू नकोस म्हटले, सांगितला नाही. आठ दिवसांनी मी तिच्या स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, गॅसच्या तारखेखाली, चार आकडे ठळक लिहिलेले! मी विचारले, हे काय? म्हणाली, विसरले तर? तो पिन बदलला. नवा तिने कशावरून बेतला कोण जाणे, पण भिंतीवर नाही आणि वहीतही नाही. दादाने दिवाळीत विचारला तेव्हा म्हणाली, “तुझ्या अप्पांनी मला कधी सांगितला होता का?” दादा गप्प बसला. मला जरा वाईटही वाटले.

एकदा औषधांचे ६४० रुपये देताना गंमत झाली. पडद्यावर हिरवी खूण येईना, चाक फिरतच राहिले. दुकानदाराचा बोलका डबा गप्प. आईच्या मोबाइलवर मात्र पैसे गेल्याचा निरोप आला. तो म्हणाला, पुन्हा पाठवा. आईने पाठवले नाहीत, रोख दिले, आणि घरी येऊन वहीत लिहिले: ‘६४०, गेले पण पोचले नाहीत.’ व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक पडद्यावर असतो तोही उतरवून ठेवला. अडकलेले पैसे आपोआप परत यावेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दुसऱ्या माणसाला पाठवलेले असतील तर पुढच्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. आईचे तिसऱ्या दिवशी आले, उघड्या तोंडाचे अक्षर घेऊन. वहीत नसते तर आम्ही ते आले की नाही हे पाहिलेही नसते.

आता त्या लबाडाची गोष्ट सांगते आणि बसते.

डिसेंबरात, दिवेलागणीच्या वेळी आईला एक निरोप आला. मागील महिन्याचे बिल नोंदले गेले नाही, म्हणून आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब या अधिकाऱ्याशी बोला, आणि खाली एक नंबर. माझ्याकडे फोन करावा तर मी लग्नाला गेलेली, आवाजात मला ऐकूच आला नाही. तिच्या पोटात गोळा आला. जानेवारीतली ती कंदिलाची रात्र आठवली. तिने मला नंतर प्रांजळपणे सांगितले, “बोट त्या नंबरावर गेले होते.”

पण सवय वहीची. आधी ती काढली. उजव्या पानावर होते: ‘११ तारीख, वीज, १,१३०,’ आणि पावती टाचलेली. मग तिने निरोप पुन्हा वाचला. महावितरणचा खरा निरोप येतो त्यावर पाठवणाऱ्याच्या जागी MSEDCL ही अक्षरे असतात, आणि आत आपला बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. इथे साधा दहा आकडी मोबाइल नंबर होता आणि ग्राहक क्रमांकाचा पत्ता नव्हता. ती मोबाइल ठेवणार तोच त्या माणसाचाच फोन आला. गोड बोलत होता, मावशी मावशी करीत. फार काही नाही, एक ॲप मोबाइलवर घ्या आणि दहा रुपये भरा, म्हणजे बिल नोंदले जाईल. त्या ॲपने आपला पडदा त्याला तिकडे दिसू लागतो, आपण पिन दाबला की तोही दिसतो, दहा रुपये हे निमित्त. आईला हे काही ठाऊक नव्हते. तिने एवढेच विचारले, “माझा ग्राहक क्रमांक सांगा बघू.” तो म्हणाला, तुम्हीच सांगा. ती म्हणाली, “वीज तुम्ही तोडणार, मग कोणाची तोडायची ते तुम्हांला माहीत नको?” तो चिडला, अरेतुरेवर आला, आत्ताच्या आत्ता अंधार करतो म्हणाला. आईने फोन बंद केला.

वहीच्या शेवटच्या पानावर मी लाल शाईने १९३० हा आकडा लिहून ठेवला आहे. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता त्या नंबरावर कळवायचे आणि बँकेलाही, म्हणजे पुढे सरकण्याआधी पैसे अडवता येण्याची आशा असते. त्या दिवशी तो लावायची वेळ आली नाही.

पण भीती अशी वहीने जात नाही हो. तिने कंदील पुसला, वात नीट केली, काड्यापेटी शेजारी घेतली आणि दाराशी खुर्ची टाकून बसली. समोर घड्याळ, मांडीवर वही. दहा वाजता माझ्या फोनची घंटा वाजली. मांडवातून बाहेर येऊन मी उचलला. पलीकडून आई म्हणाली, “दिवे आहेत गं. आता निजते.”